पक्का दात मुळासकट निघाला तर पहिल्या तासात काय करायचं

समोरचा पक्का दात मुळासकट बाहेर आला की बहुतेक जण दोन गोष्टी करतात. दात नळाखाली चोळून चोळून धुतात, आणि मग स्वच्छ रुमालात किंवा कागदाच्या पुडीत बांधून दवाखान्याकडे पळतात. काळजीपोटीच केलेल्या या दोन्ही गोष्टी दाताला सर्वांत जास्त महागात पडतात. चोळण्याने मुळावरचा जिवंत थर निघून जातो आणि जो उरतो तो रुमालात वाळून मरतो. खालच्या सगळ्या पायऱ्या या एकाच थराला वाचवण्यासाठी आहेत, म्हणून आधी तो थर काय आहे ते पाहू.

मुळावरचा पातळ थर

दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक थर असतो, जाडी साधारण 0.2 मिलिमीटर. हे तंतू एका टोकाला मुळात आणि दुसऱ्या टोकाला हाडात रुतलेले असतात, आणि त्यांच्यामुळेच दात जागेवर राहतो. दात निखळतो तेव्हा हा थर फाटतो. त्यातला काही भाग खोबणीच्या भिंतीला राहतो, काही मुळाला चिकटून बाहेर येतो. मुळावर जो ओलसर, लालसर पापुद्रा दिसतो तो हाच. त्याला घाण समजून नखाने किंवा ब्रशने काढलं जातं, तिथेच घोटाळा होतो.

या थरातल्या पेशी जिवंत असताना दात परत बसवला, तर तंतू पुन्हा जुळून येतात आणि दात पूर्वीसारखा धरतो. पेशी मेल्या असतील तरी दात बसतो, काही दिवसांनी घट्टही होतो, पण तो घट्टपणा फसवा असतो. मधला थर नसल्यामुळे हाड थेट मुळाला येऊन भिडतं आणि पुढच्या काही वर्षांत मूळ हळूहळू झिजवून त्याची जागा घेतं.

वेळेचा हिशेब असा आहे. 15 मिनिटांच्या आत दात जागेवर गेला तर पेशी बहुधा जिवंत असतात. दात उघड्यावर कोरडा राहिला तर 30 मिनिटांत बहुतेक पेशी मरतात. एक तास कोरडा राहिलेल्या दाताच्या मुळावर जिवंत काही उरलं नाही असं धरूनच डॉक्टर पुढचा विचार करतात. हाच दात चांगल्या द्रवात बुडवलेला असेल तर मात्र घड्याळ बरंच हळू चालतं. म्हणून अपघात होऊन किती वेळ झाला यापेक्षा त्यातला किती वेळ दात कोरडा होता, हा प्रश्न महत्त्वाचा. नाशिकमधल्या एप्रिल-मेच्या दुपारी मैदानावर पडलेला दात किती लवकर वाळतो, हे वेगळं सांगायला नको.

आधी माणूस, मग दात

दात निघण्याइतका मार बसला म्हणजे डोक्यालाही हादरा बसलेला असू शकतो. म्हणून पहिलं अर्धं मिनिट माणसाकडे द्या. शुद्ध हरपली होती का, उलटी होते आहे का, काय झालं ते त्याला सांगता येतं का, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव येतो आहे का, तोंड उघडता-मिटता येतं का, दात एकमेकांवर नेहमीसारखे बसतात का, एवढं बघा. यातलं काहीही खटकलं तर 108 ला फोन करून रुग्णालय गाठायचं. अशा वेळी दात दुधात टाकून सोबत पाठवा, तो बसवण्याच्या भानगडीत पडू नका. शुद्धीवर नसलेल्या किंवा गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात सुटा दात ठेवला तर तो श्वासनलिकेत जाऊ शकतो.

तोंडातून रक्त बरंच आल्यासारखं दिसतं, कारण त्यात लाळ मिसळलेली असते. स्वच्छ गॉज किंवा सुती रुमालाची घडी करून खोबणीवर ठेवा आणि तिच्यावर दात दाबून धरायला सांगा. 10 ते 15 मिनिटांत ते आटोक्यात येतं. मान किंचित पुढे झुकलेली असू द्या, म्हणजे रक्त घशात उतरत नाही. एवढं होत असतानाच दुसऱ्या कुणाला तरी दात शोधायला लावा.

दुधाचा दात असेल तर तो परत बसवायचा नाही

यात चूक झाली तर नुकसान होतं. दुधाच्या दाताच्या मुळापाशीच खालून येणाऱ्या पक्क्या दाताचा कोंब असतो. दुधाचा दात परत खोबणीत दाबला तर त्या कोंबाला इजा होऊ शकते. म्हणून दुधाचा दात पुन्हा न बसवता फक्त मुलाला तपासून घ्यायचं, आणि दात सोबत न्यायचा म्हणजे तो तुटून आत राहिलेला नाही याची डॉक्टरांना खात्री करता येते.

वयावरून अंदाज येतो. समोरचे वरचे दोन पक्के दात साधारण 7 ते 8 वर्षांच्या वयात येतात. पाच वर्षांच्या मुलाचा समोरचा दात पडला तर तो जवळजवळ नक्कीच दुधाचा. नऊ वर्षांच्या मुलाचा वरचा मधला दात पडला तर तो पक्का. मधल्या वयात दाताकडेच बघावं लागतं. पक्का दात रुंद असतो, दुधाच्या दातापेक्षा थोडा पिवळसर दिसतो, आणि नुकताच आलेला असेल तर त्याच्या कडेवर तीन बारीक उंचवटे असतात. वरच्या मधल्या पक्क्या दाताची एकूण लांबी सव्वादोन-अडीच सेंटिमीटर भरते, त्यात निम्म्याहून जास्त मूळच असतं. शेजारच्या दाताशी ताडून बघा. तरीही शंका राहिली तर बसवू नका, दुधात ठेवून घेऊन जा.

दात उचलणं आणि धुणं

दात तोंडात जो भाग पांढरा दिसतो त्याला धरून उचलायचा. मुळाला बोटं लावायची नाहीत. मातीत पडला असेल तर दोन बोटांत त्या पांढऱ्या भागाला धरा आणि थंड दुधाच्या किंवा सलाइनच्या हलक्या धारेखाली फिरवा. दोन्ही जवळ नसतील तर पिण्याच्या पाण्याची बाटली चालेल, पण काही सेकंदच, 10 सेकंदांपेक्षा जास्त नाही. चिकटलेला मातीचा कण धारेने निघाला तर निघाला, नाही निघाला तर डॉक्टर काढतील. तो काढायला कपडा, टिश्यू, ब्रश किंवा नख वापरायचं नाही.

साबण, डेटॉल, बीटाडीन, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यातलं काहीही दाताला लागू देऊ नका. या वस्तू जंतू मारतात तशा त्या पेशीही मारतात. थोड्या जंतूंचा बंदोबस्त नंतर औषधांनी करता येतो, मेलेल्या पेशी कोणी परत आणू शकत नाही. हळदीचंही तेच. जखमेवर हळद दाबण्याची आपली सवय जुनी आहे, पण हा दात हळदीत किंवा हळदीच्या पाण्यात ठेवायचा नाही.

दात सापडलाच नाही तर तो कपड्यांत, गादीवर, गाडीत, हेल्मेटच्या आत शोधा. तरीही मिळाला नाही तर डॉक्टरांना तसं सांगा. तो ओठात रुतलेला असू शकतो, मार बसून वर हिरडीत घुसलेला असू शकतो, गिळला गेलेला असू शकतो किंवा छातीत गेलेला असू शकतो. खोकला किंवा श्वासाला घरघर असेल तर छातीचा एक्स-रे लागतो.

जागेवरच परत बसवणं

उत्तम साठवण म्हणजे स्वतःची खोबण. माणूस पूर्ण शुद्धीत असेल, घाबरून हातपाय झाडत नसेल आणि दात पक्का आणि अखंड असेल, तर मैदानावरच, रस्त्याच्या कडेलाच तो परत बसवणं हा सर्वांत चांगला उपाय आहे. ऐकायला हे भयंकर वाटतं. खरं तर पहिल्या काही मिनिटांत हिरडी बरीचशी बधिर असते आणि खोबणीत रक्त गोठून घट्ट झालेलं नसतं, म्हणून दात बऱ्यापैकी सहज सरकतो. अर्ध्या तासाने हेच काम अवघड होतं.

मुलाला बसवा, डोकं मागे कशाला तरी टेकवा. चूळ भरायला सांगायची असेल तर एकदाच, हलकी. खोबणीत बोट घालून रक्ताची गाठ काढायला जाऊ नका. दाताची कोणती बाजू पुढे हे आधी ठरवा: फुगीर, गुळगुळीत बाजू ओठाकडे आणि आत खोलगट असलेली बाजू टाळूकडे. शेजारचा दात बघितला की लगेच कळतं. मग दाताचा पांढरा भाग अंगठा आणि पहिल्या बोटात धरून मूळ खोबणीच्या तोंडाशी ठेवा आणि सावकाश, एकसारखा दाब देत आत न्या. झटका नको. शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला थोडा जोर लागतो. कड शेजारच्या दाताच्या कडेच्या जवळपास आली की पुरे.

मग रुमालाची घडी दातांत देऊन हलकेच चावून धरायला सांगा आणि तसंच दवाखान्यात न्या. दात किंचित वाकडा बसला, अर्धा मिलिमीटर बाहेर राहिला, तरी हरकत नाही. तो डॉक्टर नीट करतील. मोठ्या माणसाने स्वतःचा दात बसवायचा असेल तर मोबाइलचा समोरचा कॅमेरा आरशाचं काम करतो.

दात आत जाताना कडक अडथळा लागला तर थांबा. खोबणीचं हाड मोडून आत आलेलं असू शकतं, आणि जोर केला तर मूळच खरवडलं जाईल. दोन प्रयत्नांत जमलं नाही तर तिसरा करू नका, कारण त्या गडबडीतही दात वाळतच असतो. हृदयाच्या झडपेचा गंभीर आजार असेल, किंवा कर्करोगाच्या उपचारांमुळे वा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती फारच खालावलेली असेल, तर स्वतः बसवायचा नाही. अशा वेळी दात द्रवात ठेवून निर्णय डॉक्टरांवर सोपवा.

बसवता आला नाही तर कशात ठेवायचा

जवळपास जे असेल त्यातलं सर्वांत चांगलं निवडायचं, आणि आणखी चांगलं शोधत बसण्यात वेळ घालवायचा नाही. पेशी ठेवण्यासाठी बनवलेला हँक्सचा क्षारद्राव सर्वांत उत्तम, पण तो जवळच्या मेडिकलमध्ये सहसा नसतो. आपल्याकडे व्यवहारात उत्तर एकच: थंड दूध.

दुधातलं क्षारांचं प्रमाण शरीरातल्या द्रवाच्या जवळपास असतं, म्हणून पेशी त्यात फुगतही नाहीत आणि आक्रसतही नाहीत. त्याचा आंबटपणा नगण्य असतो आणि पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड असल्यामुळे जंतू कमी असतात. गाईचं किंवा टोन्ड, कमी साईचं दूध असेल तर छान, नसेल तर जे असेल ते. फ्रीजमधलं थंड दूध साध्यापेक्षा बरं. तापवून पूर्ण गार झालेलं दूधही चालतं. टपरीवरचं गरम दूध मात्र नाही, साखर टाकलेलं, चहात मिसळलेलं किंवा फ्लेवर्ड दूधही नाही. दही आणि ताक दुधाचेच असले तरी आंबट असतात, त्यामुळे पेशी मरतात. थंड दुधात पेशी दोन-तीन तास बऱ्या अवस्थेत टिकतात, म्हणून पोचायला वेळ लागेल अशा ठिकाणी दुधाचं मोल जास्त.

भांडं लहान घ्या. झाकणाची डबी किंवा कप पुरतो. 50 ते 100 मिलिलिटर दुधात दात पूर्ण बुडतो. डबीच्या बाहेरून बर्फ लावला तर चांगलंच, पण बर्फ दुधात टाकू नका, कारण तो वितळून दूध पातळ होतं, आणि दात गोठवायचा तर मुळीच नाही.

दूध नसेल तर जखमीची स्वतःची लाळ. त्याला स्वच्छ पेल्यात थुंकायला सांगा आणि दात त्यात बुडवा. रक्त मिसळलेलं असलं तरी चालेल. लाळेत क्षार कमी आणि जंतू भरपूर, म्हणून ती अर्ध्या तासापर्यंतचीच सोय, दूध हाती येईपर्यंतची. शांत, समजूतदार मोठ्या माणसाला दात गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून जाता येतं, मुलांना मात्र हे सांगू नका, ती गिळतात. घरात स्वयंपाकाची पातळ प्लास्टिक फिल्म असेल तर मुलाला दातावर थुंकायला सांगून दात तिच्यात घट्ट गुंडाळता येतो. ओलावा आतच राहतो, म्हणून ही पद्धतही चांगली आहे. ओआरएसची पुडी पाकिटावरच्या मापाप्रमाणे, एक लिटरची असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यात, विरघळवून वापरता येते. डब्यातलं गोड, फळांच्या चवीचं तयार पेय म्हणजे ओआरएस नव्हे.

मेडिकलमधली 0.9 टक्के सलाइनची बाटली दात धुवायला उत्तम आहे, ठेवायला मात्र मध्यम, कारण त्यात पेशींना पोसणारं काही नसतं. दूध मिळेपर्यंत ती वापरा. घरी मीठ टाकून केलेलं पाणी टाळा. अंदाजाने टाकलेलं मीठ कमी पडलं तर पेशी फुगतात, जास्त झालं तर आक्रसतात.

साधं पाणी शेवटचा पर्याय. त्यात क्षार जवळपास नसल्यामुळे पाणी पेशीत शिरतं, पेशी फुगून फुटतात. तरीही कोरड्या रुमालापेक्षा पाणी बरं, हे लक्षात असू द्या. शहाळ्याच्या पाण्याचं नाव हल्ली घेतलं जातं. ते आंबटसर असल्यामुळे दूध मिळत असताना त्याच्या नादी लागू नये.

एक प्रसंग, घड्याळ लावून

समजा, रविवारची संध्याकाळ आहे आणि हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे आपल्या गोल्फ क्लबवर, पोरं खेळताहेत. 5:20 ला अकरा वर्षांच्या मुलाच्या तोंडावर सीझन बॉल लागतो आणि वरचा मधला दात उडून मातीत पडतो. मूल शुद्धीवर आहे, रडतंय, नाव-गाव सांगतंय. एक जण त्याच्या तोंडात रुमाल देतो, बाकीचे दात शोधतात. 5:25 ला दात सापडतो. पांढऱ्या भागाला धरून बाटलीच्या पाण्याने पाच सेकंद धुतला जातो. बसवायचा प्रयत्न होतो, पण मूल तोंड मिटून घेतं. 5:28 ला प्रयत्न सोडून दात पेल्यातल्या लाळेत टाकला जातो. एक जण डेअरीतून थंड दुधाची पिशवी आणतो आणि 5:35 ला दात दुधात जातो.

फोन आता सुरू होतात. रविवार असल्यामुळे पहिला दवाखाना बंद. दुसऱ्या डॉक्टरांना सांगितलं जातं, "अकरा वर्षांच्या मुलाचा वरचा समोरचा पक्का दात मुळासकट निघालाय, 5:20 ला. आठ मिनिटं कोरडा होता, आता थंड दुधात आहे. तुम्ही आत्ता बसवून तारेने बांधू शकाल का?" शेवटचा प्रश्न विचारायलाच हवा. काही दवाखान्यांत त्या वेळी एक्स-रे किंवा बांधणीचं साहित्य नसतं, आणि ते पोचल्यावर कळलं तर अर्धा तास फुकट जातो. ते "या" म्हणतात. 6:00 ला पोचतात, 6:10 ला दात जागेवर.

डॉक्टर यातून दोन आकडे काढतात. दात बाहेर होता एकूण 50 मिनिटं, त्यातली कोरडी फक्त 8, बाकी 7 लाळेत आणि 35 दुधात. मुळावरचा थर दुखावलेला आहे, पण जिवंत असण्याची शक्यता चांगली आहे. हाच दात त्या 50 मिनिटांत खिशातल्या रुमालात असता तर मुळावर जिवंत काही उरलं आहे असं कोणी म्हणालं नसतं. आणि मुलाने 5:27 ला तो बसवू दिला असता, तर एकूण वेळ सात मिनिटं झाली असती, याहून उत्तम काही नाही.

सीबीएस, कॉलेज रोड, इंदिरानगर, नाशिक रोडला असाल तर दंतवैद्य अर्ध्या तासात गाठता येतो. अंजनेरी, ब्रह्मगिरी किंवा इगतपुरीच्या बाजूला ट्रेकला गेल्यावर हे घडलं तर गणित बदलतं. तिथे जागेवर बसवणं हाच खरा उपाय, आणि तो जमला नाही तर गावातल्या घरातून गार दूध मागून घेणं. आठवड्याच्या दिवशी दुपारपर्यंत पंचवटीतलं कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय हाही पर्याय असतो, तिथेही आधी फोन करूनच जावं.

डॉक्टर काय करतील, आणि उशीर झाला असेल तर

दात बसवलेला असला तर डॉक्टर सहसा तो काढत नाहीत. एक्स-रे काढून जागा बघतात, फारच चुकीचा बसला असेल तरच हलवतात. द्रवातून आणलेला दात सलाइनने धुऊन, खोबणी साफ करून, तो बोटाच्या दाबाने बसवतात. मग शेजारच्या दातांना 0.4 मिलिमीटरपर्यंतची बारीक, लवचिक तार चिकटवून दोन आठवडे आधार देतात. तार जाड आणि ताठ नको, कारण दात किंचित हलत राहिला तरच तंतू नीट जुळतात. घट्ट, हालचाल न होणारी बांधणी चांगली असं वाटतं, पण ती मूळ हाडाला चिकटायला मदत करते. धनुर्वाताच्या लसीची नोंद विचारली जाते, म्हणून शेवटचं इंजेक्शन केव्हा झालं ते आठवून ठेवा. अँटिबायोटिक डॉक्टरच ठरवतील, मेडिकलमधून स्वतःहून घेऊ नका. दुखण्याला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल चालतं. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

मुळाचं टोक बंद झालेलं असेल, म्हणजे साधारण दहा वर्षांच्या पुढे, तर दाताच्या आतली नस परत जिवंत होत नाही. मेलेली नस आत राहिली तर जंतू वाढून मूळ बाहेरून झपाट्याने झिजतं. म्हणून दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनॉल सुरू करतात. "दात तर घट्ट झाला, मग आता कशाला?" म्हणून पालक हेच टाळतात, आणि सहा महिन्यांनी चांगला बसलेला दात हातचा जातो. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या दाताचं टोक मात्र उघडं असतं. तिथे रक्तपुरवठा पुन्हा जुळण्याची आशा असते, म्हणून डॉक्टर रूट कॅनॉल लगेच न करता लक्ष ठेवून थांबतात.

दात दीड-दोन तास कोरडा राहिला असेल तरी फेकून देऊ नका. जिवंत थर नसलेला दातही परत बसवला जातो. तो कायम टिकणार नाही हे ठाऊक असतं, पण काही वर्षं तरी तोंडात राहतो, चेहरा नीट दिसतो, आणि मुख्य म्हणजे वाढत्या वयातल्या मुलाच्या जबड्याचं हाड तिथे टिकून राहतं. पुढे कृत्रिम दात बसवायची वेळ आली की तेच हाड कामाला येतं.

पुढचे दोन आठवडे आणि पुढची वर्षं

दोन आठवडे मऊ जेवण: मऊ भात, खिचडी, उपमा, दुधात भिजवलेली पोळी. भाकरीचा तुकडा समोरच्या दाताने तोडायचा नाही. पेरू, सफरचंद, ऊस बंद. ब्रश मऊ केसांचा, आणि दात घासायचेच, कारण तारेभोवती अन्न अडकून हिरडी सुजली तर मुळाला त्रास होतो. 0.12 टक्के क्लोरहेक्झिडिनची चूळ दिवसातून दोनदा. ज्या खेळात धक्का बसू शकतो तो खेळ बंद.

यानंतर तपासणीला दोन आठवड्यांनी, चार आठवड्यांनी, तीन आणि सहा महिन्यांनी, एक वर्षाने आणि मग दरवर्षी किमान पाच वर्षं जायचं. उघड्या टोकाच्या दाताला मधे एक जादा फेरी लागते. मधल्या काळात घरी लक्ष ठेवायच्या गोष्टी थोड्या आहेत: हिरडीवर पुळी येणं, दात करडा पडणं, पुन्हा दुखायला किंवा हलायला लागणं. वाढत्या मुलाचा दात वर्षा-दोन वर्षांत शेजारच्यापेक्षा आखूड दिसायला लागला, तर तो हाडाला चिकटला आहे असं समजावं. बाकीचे दात जबड्याबरोबर खाली सरकतात, हा मात्र तिथेच राहतो. डॉक्टर ठोकून बघतात तेव्हा त्याचा आवाज धातूसारखा, टणटणीत येतो. हे जितक्या लवकर लक्षात येईल तितके उपाय हातात राहतात, म्हणून दरवर्षी त्याच अंतरावरून, ओठ उघडे ठेवून समोरचा एक फोटो काढून ठेवा.

कोरड्या आणि ओल्या वेळेचा तपशील, कशात ठेवला होता ते, आणि पहिल्या दिवसाचा एक्स-रे एका पाकिटात ठेवा. पुढच्या पाच वर्षांत घर किंवा डॉक्टर बदलले तर नव्या डॉक्टरांना सर्वांत आधी तेच लागतं.